शेवटून दुसरी

रविवारी सकाळी सहाला स्वारगेट डेपोच्या बाहेर आठ मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांतली नवशिक्याची कुठली, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं. सातांच्या टाक्यांवर धूळ होती, ओरखडे होते. आठवी इतकी चकाचक होती की शोरूमवाल्यानं ती नवी म्हणून परत विकली असती. ती पूर्वाची. घेऊन दीड महिना झाला होता, लायसन्स येऊन तीन आठवडे.

पूर्वा मूळची वर्ध्याची, नोकरीला हिंजवडीत. २००७ साल होतं. हिंजवडीत नोकरी लागली की माणूस आधी कर्ज काढून फ्लॅट बघायचा, नाहीतर मोटारसायकल. हिनं मोटारसायकल बघितली, तीही दीडशे सीसीची, गिअरची. घरमालकीणबाईंनी विचारलं होतं, "स्कूटी मिळत नव्हती का?" पुण्यात असा प्रश्न विचारतात तो उत्तरासाठी नसतो. पूर्वानं तो निमूट गिळला आणि मनाशी ठरवलं की आपण चांगलं चालवून दाखवायचंच. चारचौघांत आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होता कामा नये, एवढीच तिची इच्छा होती. फार मोठी नाही. पण माणसं अशा लहान इच्छांपायीच आपल्या हातानं वाटोळं करून घेतात.

रविवारी मोटारसायकलींवर भटकणाऱ्या या मंडळींचा म्होरक्या दिग्विजय; आज पाबे घाटातून वेल्ह्याला जायचं होतं. कंपनीत तो पूर्वाच्या टीमचा मॅनेजर, इथंही मॅनेजरच. त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि नियम सांगितले. टाक्या भरल्यात ना, टायरमध्ये हवा आहे ना, ब्रेक बघितलेत ना. मग म्हणाला, "मी पुढं. रस्त्याच्या मधल्या रेघेकडून. माझ्या मागचा डाव्या कडेला, त्याच्या मागचा परत माझ्या रेषेत. एक आड एक. तिरक्या समोरच्यापासून एक सेकंद, सरळ समोरच्यापासून दोन सेकंद अंतर. घाट लागला, रस्ता अरुंद झाला, की मी एक बोट वर करीन. मग सगळे एकामागे एक. खड्डा दिसला की बोट दाखवायचं, आणि मागच्यानं त्याच्या मागच्यासाठी तेच करायचं. डाव्या हातानं. उजवा ॲक्सिलरेटर सोडत नाही. हात खाली आणि पंजा मागे म्हणजे थांबा. आणि एकमेकांना ओव्हरटेक नाही. कोणाला शर्यत लावायची असेल त्यानं एकट्यानं जावं आणि एकट्यानंच मरावं."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

"नवीन कोण? पूर्वा. तू माझ्या मागे दुसरी. तुझ्या वेगानं मी चालवणार. आणि शेपूट नेहमीसारखे वाघमारेकाका."

शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटचा. हे काम कसलेल्या माणसाचं, कारण कोणी पडलं, कोणाची गाडी बंद पडली, तर थांबायचं त्यानंच. सुखदेव वाघमारे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बुलेट चौऱ्याऐंशीची. मुलगा प्रज्ञेश दिग्विजयच्याच कंपनीत. या मंडळींत आधी प्रज्ञेश आला आणि मग एकदा त्यानं वडिलांना आणलं. तेव्हापासून मंडळी वडिलांची झाली नि प्रज्ञेश त्यांचा मुलगा झाला. काका कमी बोलायचे. कारखान्यात तीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेला माणूस, हातवाऱ्यांवरच त्याचं सगळं भागायचं.

निघाले. सिंहगड रस्त्यावर पूर्वा दिग्विजयच्या मागं डाव्या बाजूनं चालली होती आणि तिचा जीव मुठीत होता. वडगावपर्यंत बरं गेलं. पण खडकवासल्याच्या अलीकडं, चढावर, समोर ट्रक थांबला. सगळे थांबले. ट्रक हलला. दिग्विजय निघाला. पूर्वानं क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि ती बंद पडली. परत चालू केली, परत बंद. मागं एस.टी.चा हॉर्न. मागचे सहाजण तिच्यामुळे एस.टी.समोर अडकलेले. तिसऱ्यांदा गाडी निघाली, पण तोवर एस.टी.तल्या एका म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढून सांगितलं होतं, "बाई, ढकलू का?"

धरणाच्या पुढं खानापूरला चहाला थांबले, तेव्हा कोणी मुद्दाम टोचून बोललं असं नाही. आपले सहज बोलले. एकानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "नऊला वेल्ह्यात मिसळ खाणार होतो ना आपण? आज जेवणच करू." दुसरा म्हणाला, "बालवाडीची सहल आहे आज, डबा आणायला हवा होता." पूर्वानं हसून घेतलं. चहाचा ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

ती दिग्विजयकडं गेली. "मी मागं चालवते ना. मला पुढं प्रेशर येऊन राहिलं. सगळे माझ्या मागं अडकतात."

खरा नियम असा की नवशिक्यानं पुढंच राहायचं. मागं टाकला की त्याला पुढच्यांना गाठायची घाई होते, आणि वळणावर घाई म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दिग्विजयला हे ठाऊक होतं. पण उशीर झालेला, मिसळ खुणावत होती, आणि मॅनेजर लोकांना टीमचं ऐकलं असं दाखवायला आवडतंच. तो म्हणाला, "ठीक आहे. काकांच्या पुढं राहा. आता घाट आहे, तसंही एकामागे एकच."

वाघमारेकाका बाकावर बसले होते. वडा त्यांनी खाल्लाच नव्हता, बशीत तसाच होता. "रात्री जड झालं," असं प्रज्ञेशला म्हणाले आणि त्यानं दिलेली जेल्युसिलची गोळी चघळत होते. पूर्वा आपल्यापुढं येणार हे कळल्यावर त्यांनी तिला बाजूला बोलावलं.

"घाबरू नको, बाळ. पण एक ध्यानात ठेव. प्रत्येकानं आरशात मागचा बघायचा. मागचा दिसेना झाला की हळू व्हायचं. तरी दिसेना तर थांबायचं. मग तुझ्या पुढच्याला तू दिसणार नाहीस, तो थांबेल. त्याच्या पुढचा थांबेल. असा निरोप पहिल्यापर्यंत जातो. घाटात फोन लागत नाही, हेच लागतं."

"आणि तुमच्या मागं कोण बघणार, काका?"

"माझ्या मागं कोणी नाही. म्हणून माझ्यापुढचा पक्का लागतो. शेपटाला बघणारी तू एकटीच."

पूर्वानं मान डोलावली. तिला वाटलं, काका आपल्याला धीर देण्यासाठी मोठं काम दिल्यासारखं करताहेत, लहान मुलाला पिशवीचा एक बंद धरायला देतात तसं. काम खरंच मोठं होतं, हे तिला तेव्हा पटलं नाही.

पाबे घाट सुरू झाला. दिग्विजयचं बोट वर गेलं, ते एकेक करत मागं आलं आणि पूर्वानंही ते काकांसाठी वर केलं. सगळे एका ओळीत झाले. रस्ता अरुंद, कडेला खडी सुटलेली, एका अंगाला दरी. नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन. पूर्वाचं काही वाईट चाललं नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये ती वळणं घेत होती, आणि मागं कोणी अडकलेलं नव्हतं. मागं फक्त काका, आणि काकांना घाई नव्हती. सकाळपासून पहिल्यांदा तिला गाडी चालवताना बरं वाटलं.

मग एका वळणावर आरसा रिकामा झाला.

ती हळू झाली. पुढच्या वळणाला रस्ता उलट फिरून वर जात होता, तिथून खालचा रस्ता दिसत होता. तिनं मान वळवली. बुलेट कडेला स्टँडवर उभी होती. काका कठड्यावर बसले होते, हेल्मेट काढून. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि हात वर केला. दोनदा पुढं हलवला. जा, जा, मी येतो.

आता नियम काय, हे अर्ध्या तासापूर्वी तिला सांगितलेलं. थांबायचं. शेपूट हलेपर्यंत हलायचं नाही, मग शेपूट कसाही का हात करेना. पण पूर्वाची गाडी चढावर होती. इथं थांबलं की परत चढावर काढावी लागणार. परत बंद पडणार. आणि ती थांबली की पुढचा थांबणार, त्याच्या पुढचा थांबणार, सगळी ओळ थांबणार, आणि वर गेल्यावर कळणार की काका नुसते लघवीला थांबले होते नि बालवाडीनं अख्खी सहल अडवली. हे सगळं एका क्षणात तिच्या डोक्यातून गेलं. पुढची मोटारसायकल वळणाआड चालली होती. काकांनी हात केलाच होता ना. मोठ्या माणसानं जा म्हटलं तर जायचं असतं.

ती गेली. गाडी बंद पडली नाही.

वर खिंडीत सगळे थांबले होते. एकत्र जमायची जागा ठरलेलीच होती. शेपूट आल्याशिवाय तिथून कोणी हलत नाही. पूर्वा आली तसं दिग्विजयनं अंगठा वर करून विचारलं, सगळं ठीक? तिनंही अंगठा वर केला.

प्रज्ञेश पाणी पीत होता. "बाबा?"

"येऊन राहिले," पूर्वा म्हणाली. "हात केला त्यांनी."

खोटं काहीच नव्हतं त्यात. हात केलाच होता. पण ते गाडीवरून उतरलेत, हेल्मेट काढून बसलेत, हे ती बोलली नाही. बोलली असती तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू थांबली का नाहीस? सकाळपासूनच्या फजितीत आणखी एक भर तिला नको होती. शिवाय काका आता पाच मिनिटांत येतीलच. मग कशाला उगाच?

दहा मिनिटं झाली. दिग्विजय म्हणाला, "काका म्हणजे बुलेट रमतगमत." कोणीतरी फोटो काढले. प्रज्ञेशनं फोन लावून बघितला, रेंज नव्हती. पंधरा मिनिटांनी त्यानं पूर्वाला परत विचारलं, "किती मागं होते गं?" ती म्हणाली, "दोनतीन वळणं." चार होती. वीस मिनिटांनी दिग्विजयनं घड्याळ बघितलं. तोंडावरचं हसू गेलं होतं. "चल रे," तो प्रज्ञेशला म्हणाला आणि दोघं खाली गेले.

पूर्वा खिंडीत उभी राहिली. बाकीचे म्हणत होते, पंक्चर असेल, प्लग गेला असेल, जुनी गाडी आहे. ती काहीच म्हणाली नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, पण आता उशीर झाला होता, आणि उशीर झाला की माणूस आणखी गप्प बसतो.

काका कठड्याच्या पायथ्याशी आडवे झाले होते. लाकडाची मोळी घेऊन निघालेली एक बाई त्यांच्याजवळ उभी होती. "म्या म्हनलं झोपल्यात जनू," ती प्रज्ञेशला म्हणाली. "हाक मारली तर बोलंनात." दुधाची जीप आली, तिच्यात घालून त्यांना वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की तासभर तरी झाला असेल. मोठा झटका होता, म्हणाले. लगेच आणलं असतं तरी सांगता आलं नसतं.

ते वाक्य पूर्वानं धरून ठेवलं. दोन आठवडे त्याच्यावरच ती जगली. सांगता आलं नसतं. पण ते वाक्य दोन्ही बाजूंनी सारखंच खरं होतं, हे तिला रोज पहाटे जाग आली की कळायचं. वाचले नसते, हेही सांगता आलं नसतंच.

ऑफिसात दिग्विजयनं सगळ्यांना ई-मेल पाठवली. काका आपल्या आवडत्या बुलेटसोबत, आवडत्या रस्त्यावर गेले, असं काहीतरी लिहिलं होतं. खाली तीसचाळीस जणांची उत्तरं. लोकांना मरण असं छान घडी घालून ठेवायला आवडतं. पूर्वानं ती मेल सात वेळा वाचली आणि उत्तर दिलं नाही.

प्रज्ञेश अकराव्या दिवशी, गुरुवारी, कामावर आला. कॅंटीनमध्ये तिच्यासमोर बसला. चहा ढवळत म्हणाला, "तू शेवटची बघितलंस ना बाबांना. ठीक होते?"

"ठीक होते," पूर्वा म्हणाली.

"आई विचारते सारखी. शेवटी कसे होते म्हणून. म्हटलं, पूर्वा होती पुढं, गाडीवरच होते, हात केला तिला. तेवढंच तिला बरं वाटतं." त्यानं चहा संपवला. "थँक्स गं."

हे थँक्स मात्र तिला पचेना. त्या दिवशी तिनं जेवण टाकलं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती खडकीला गेली. मोटारसायकल नाही घेतली, बसनं गेली. प्रज्ञेशला आपण हे सांगितलं की तो परत कधी आपल्याशी बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांना कळणार हेही. गाडी चालवता येत नाही म्हणून हसले, इतपत ठीक. आता काय म्हणतील, त्याला शब्दसुद्धा नाही. बसमध्ये दोनदा तिला वाटलं उतरावं.

क्वार्टर्समधलं दोन खोल्यांचं घर. समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्याखाली नवा फोटो, काकांचा, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. प्रज्ञेशच्या आईनं, कांताबाईंनी, तिला बसायला सांगितलं. प्रज्ञेश आतून खुर्ची घेऊन आला. चहा ठेवते म्हणून कांताबाई उठायला लागल्या, तसं पूर्वा म्हणाली, "काकू, आधी ऐका. मी खोटं बोलले."

आणि तिनं सांगितलं. कसलीच सबब जोडली नाही. गाडीवर नव्हते. उतरले होते, कठड्यावर बसले होते, हेल्मेट काढलं होतं. हात केला तो जा म्हणून. मी थांबायला हवं होतं, त्यांनीच सांगितलं होतं. मी थांबले नाही. वर जाऊन मी हे कोणाला सांगितलं नाही. वीसपंचवीस मिनिटं सगळे माझ्या शब्दावर थांबले.

प्रज्ञेश उभा होता. त्यानं चप्पल घातली आणि तो बाहेर निघून गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाताना ऐकू येत होती, मग तीही येईनाशी झाली.

कांताबाई पदराची कड बोटाला गुंडाळत बसल्या. पूर्वाला वाटत होतं, यांनी ओरडावं, मुस्काटात मारावी, घराबाहेर काढावं. सोपं झालं असतं.

"जा म्हणून हात करणारच ते," शेवटी त्या म्हणाल्या. "कोणाला थांबवायचे नाहीत कधी. प्रज्ञेशच्या वेळी मी दवाखान्यात होते तर हा माणूस कारखान्यात पाळी करून आला. मला म्हणाला, तू कुठं सांगितलंस थांबा म्हणून. त्यांना थांब म्हणता यायचं नाही, आणि दुसऱ्यानं आपण होऊन थांबावं असं मात्र वाटायचं. सदतीस वर्षं मी आपण होऊन थांबत आले."

पूर्वा रडायला लागली. कांताबाईंनी तिला रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही.

"डॉक्टर म्हणाले, वाचले असते असं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणू देत. मी ते धरून बसत नाही. वाचायचं नव्हतं तर नव्हतं. पण एकटे गेले, ते तुझ्यामुळं. एवढं तुझ्याकडं राहील. मी ते माफ केलं म्हटलं तर खोटं होईल."

"हो," पूर्वा म्हणाली.

"आता मला सांग. तू शेवटची बघितलेली. माझ्यापाशी दुसरं कोणी नाही विचारायला." कांताबाई पुढं सरकून बसल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, गावाहून आलेल्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारावी तसा. "उन्हात बसले होते की सावलीत?"

पूर्वा आठवायला लागली. कठडा, बुलेट, वर गेलेला हात.

"छातीवर हात होता का त्यांचा? दुसरा हात? घाम होता का? चेहरा कसा दिसत होता?"

तिनं डोळे मिटले. तिला पुढच्या मोटारसायकलचा मागचा लाल दिवा स्वच्छ आठवत होता. वळण आठवत होतं, क्लचवरची आपली बोटं आठवत होती, गाडी बंद पडली नाही म्हणून झालेला आनंद आठवत होता. काकांचा चेहरा तिला कुठंच सापडत नव्हता. त्यांच्याकडं तिनं बघितलं होतं ते फक्त जायची परवानगी घेण्यापुरतं.

कांताबाई वाट बघत होत्या.

"काकू, मला नाही माहीत," पूर्वा म्हणाली. "मी नीट बघितलंच नाही."